पौंड घसरला आणि युद्ध थांबलं: सुएझ, १९५६

२६ जुलै १९५६ च्या संध्याकाळी अलेक्झांड्रियाच्या मनशिया चौकात इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर भाषण करत होते. भाषण रेडिओवरून देशभर ऐकू जात होतं. बोलता बोलता ते फर्दिनां द लेसेप्सच्या गोष्टीवर आले. सुएझ कालवा खणवून घेणारा हा फ्रेंच गृहस्थ मरून तेव्हा साठ वर्षं उलटली होती, तरी नासर त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिले. समोरच्या गर्दीला त्यात काही वावगं वाटलं नाही. कालव्याकाठी मात्र महमूद यूनिस या लष्करी इंजिनिअरची माणसं त्याच नावासाठी रेडिओला कान लावून बसली होती. 'द लेसेप्स' हा शब्द कानावर पडला की सुएझ कालवा कंपनीच्या कचेऱ्यांत शिरायचं, असं आधीच ठरलेलं होतं. कुणाच्या कानावरून तो निसटायला नको म्हणून नासरनी त्याचा जप चालवला होता. भाषण संपेपर्यंत कचेऱ्या ताब्यात आल्या होत्या, आणि शेवटी नासरनी लोकांना सांगितलं की कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं आहे.

पुढच्या पाच महिन्यांत ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हा कालवा परत मिळवायला युद्ध पुकारलं, ते रणांगणावर जवळजवळ जिंकलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. जिंकत आलेलं युद्ध का सोडावं लागलं, या एका प्रश्नाच्या मागे गेलं की जुन्या साम्राज्यांची खरी अवस्था दिसते. उत्तर बंदुकांत नाही, लंडनच्या तिजोरीत आहे. पण तिथे पोचण्याआधी कालवा नेमका कुणाचा होता ते बघायला हवं.

भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडणारा, सुमारे १६० किलोमीटर लांबीचा हा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजाला आता आफ्रिकेला वळसा घालावा लागेना. अंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झालं. कालवा चालवायची एक कंपनी होती. तिला इजिप्तने ९९ वर्षांचा करार लिहून दिला होता, म्हणजे १९६८ मध्ये कालवा आपसूक इजिप्तकडे येणार होता. कंपनी कागदोपत्री इजिप्तची, कारभार पॅरिसमधून. इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल कर्जात बुडाला तेव्हा, १८७५ मध्ये, त्याच्याकडचे सगळे शेअर ब्रिटनने चाळीस लाख पौंडांना घेतले. तेव्हापासून ४४ टक्के मालकी ब्रिटिश सरकारची होती, बाकीची बरीचशी फ्रेंच भागधारकांची. शेअर घेतल्यावर सात वर्षांत ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या आणि त्या पुढची पाऊणशे वर्षं हलल्या नाहीत. शेवटची तुकडी कालव्याकाठून गेली १३ जून १९५६ ला, म्हणजे नासरच्या भाषणाच्या जेमतेम सहा आठवडे आधी.

भाषणाचं निमित्त होतं आस्वानचं धरण. नाईलवर प्रचंड धरण बांधायला अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक पैसे देणार होते. नासर सोव्हिएत गटाकडून शस्त्रं घेतात, कम्युनिस्ट चीनला मान्यता देतात, याचा राग धरून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी १९ जुलैला हात आखडता घेतला, पाठोपाठ ब्रिटननेही. ही बातमी आली तेव्हा नासर युगोस्लाव्हियात टिटो आणि नेहरू यांना भेटून परतत होते, आणि नेहरू त्यांच्यासोबत कैरोला येत होते. पुढे काय करायचं ते नासरनी नेहरूंना सांगितलं नाही. कालव्याचं उत्पन्न धरणाला लावू, असा त्यांनी नंतर जाहीर हिशोब मांडला.

लंडनमध्ये त्या रात्री पंतप्रधान अँथनी ईडन यांच्याकडे इराकचा तरुण राजा फैसल आणि तिथले पंतप्रधान नुरी अस-सैद जेवायला होते. बातमी तिथेच आली. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळ बसलं आणि पहिलीच अडचण उभी राहिली: कायद्याने बघता नासरचं चुकलं काय? कंपनी इजिप्तच्या कायद्याखालची, तिचे भागधारक पॅरिसच्या शेअरबाजारातल्या आदल्या दिवसाच्या भावाने पैसे घेऊन मोकळे होणार, आणि जहाजांना वाट खुली राहणार. सक्तीने शेअर विकत घेण्यापलीकडे यात काही नाही, हे मंत्रिमंडळाने आपल्याच इतिवृत्तात नोंदवून ठेवलं आहे. तरीही त्याच बैठकीत ठरलं की गरज पडली तर बळ वापरायचं. ईडन यांना नासरमध्ये मुसोलिनी दिसत होता. त्यांनी १९३८ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडलं होतं ते मुसोलिनीला गोंजारण्यावरून झालेल्या वादात, आणि ते भूत त्यांच्या मानेवरून कधी उतरलंच नाही. फ्रान्सचं दुखणं वेगळं होतं. अल्जीरियातल्या बंडखोरांना नासर शस्त्रं आणि आसरा देतात, नासर पडले की अल्जीरिया शांत होईल, असं पंतप्रधान गी मोले यांचं गणित होतं.

कायद्याचा आधार पक्का नाही म्हटल्यावर एक व्यावहारिक मुद्दा पुढे करण्यात आला: कालवा चालवणं इजिप्तच्या लोकांना जमणार नाही. हा मुद्दा तपासून बघता येण्यासारखा होता, आणि तो तपासला गेला. कालव्यातून जाताना प्रत्येक जहाजावर तिथला पाण्याचा, वाऱ्याचा, काठाचा जाणकार असा पायलट चढतो आणि कप्तानाच्या शेजारी उभा राहून जहाज नेतो. पात्र अरुंद, मोठं जहाज किंचित वाकडं झालं तरी काठाच्या वाळूत रुततं आणि मागची सगळी रांग अडते. असे सुमारे दोनशे पायलट होते आणि त्यात इजिप्तचे जेमतेम चाळीस. बाकीचे मुख्यतः ब्रिटिश आणि फ्रेंच. सप्टेंबरच्या मध्यावर एका रात्रीत या परदेशी पायलटांनी कंपनीच्या सांगण्यावरून काम सोडलं. कालवा ठप्प होईल आणि जगाला पटेल, अशी अपेक्षा होती.

यूनिसने उरलेल्या पायलटांना जादा पाळ्या लावल्या. काही ग्रीक पायलट आपल्या जागी टिकून राहिले. सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया वगैरे देशांतून नवे भरती झाले. जहाजं जात राहिली, वेळापत्रकही फारसं बिघडलं नाही. खरं म्हणजे तिथेच हा वाद मिटायला हवा होता. आपल्याशिवाय यांचं चालणार नाही, हा साम्राज्याचा सगळ्यात जुना युक्तिवाद. तो दोन-तीन दिवसांत, तोही एका जलमार्गावर, सगळ्या जगाच्या जहाजमालकांसमक्ष निकालात निघाला.

दरम्यान वाटाघाटी चालूच होत्या. ऑगस्टमध्ये लंडनला २२ देशांची परिषद भरली. कालवा आंतरराष्ट्रीय मंडळाकडे द्यावा या डलेस यांच्या योजनेला १८ देशांनी होकार दिला. भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी दुसरी योजना मांडली: मालकी आणि कारभार इजिप्तचाच, वापरणाऱ्या देशांचं मंडळ फक्त सल्ल्यापुरतं. तिला बहुमत नव्हतं. पण आपला निम्म्याहून जास्त परदेशी व्यापार ज्या वाटेने जातो ती वाट एका तरुण देशाच्या हाती राहायला हरकत नाही, असं म्हणणारा भारत हा परिषदेतला मोठा ग्राहक होता, आणि लंडनला तेच झोंबलं.

मग युद्ध लगेच का झालं नाही? कारण ते लगेच करता येत नव्हतं. जुलैमध्ये ईडन यांनी सेनाप्रमुखांना विचारलं तेव्हा उत्तर आलं की काही आठवडे लागतील. इजिप्तच्या किनाऱ्यावर फौज उतरवायची तर जवळ खोल पाण्याचं बंदर हवं. सायप्रस ब्रिटिशांकडे होतं, पण तिथे तसं बंदर नव्हतं. होतं ते माल्टाला, कालव्याच्या उत्तर टोकाच्या पोर्ट सैदपासून दीड हजारांहून जास्त किलोमीटर दूर. रणगाडे वाहणाऱ्या संथ जहाजांना तिथून यायला सहा दिवस. ही जहाजंही महायुद्धानंतर कमी केलेली, काही तर व्यापारी मालवाहतुकीला भाड्याने दिलेली. ब्रिटनमधल्या छावणीतून बंदरापर्यंत रणगाडे न्यायला सैन्याकडे पुरेशा गाड्या नव्हत्या, म्हणून घरसामान हलवणाऱ्या एका खासगी कंपनीचे ट्रक लावले. राखीव सैनिकांना बोलावलं, ते आठवडेच्या आठवडे छावण्यांत बसून कंटाळले. अणुबॉम्ब बाळगणाऱ्या देशाकडे एक मध्यम आकाराची फौज भूमध्य समुद्रापलीकडे वेळेत उतरवायची सोय नव्हती. आकडेवारीत मोठं दिसणारं सैन्य आणि हव्या त्या दिवशी हव्या त्या जागी पोचणारं सैन्य, यांतलं अंतर सहसा कुणाला दिसत नाही. इथे ते तीन महिने सगळ्यांना दिसलं.

या तीन महिन्यांत लोकांचा राग निवळला, कालवा सुरळीत चालत राहिला आणि युद्धाचं कारण हातातून निसटलं. नवं कारण तयार करावं लागणार होतं.

ते तयार झालं पॅरिसजवळच्या सेव्हर गावातल्या एका बंगल्यात, २२ ते २४ ऑक्टोबर या तीन दिवसांत. इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन, त्यांचे सेनापती मोशे दायान आणि शिमॉन पेरेस फ्रेंच विमानाने गुपचूप आले. फ्रान्सचे मंत्री होतेच. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉईड पहिल्या दिवशी आले. ठरलं ते असं: इस्रायलने कालव्याच्या पूर्वेला असलेल्या इजिप्तच्या सिनाई वाळवंटात हल्ला करायचा. ब्रिटन आणि फ्रान्सने त्याने दचकल्यासारखं दाखवून दोन्ही बाजूंना कालव्यापासून मागे हटा म्हणून निर्वाणीचा खलिता द्यायचा. इजिप्त नाही म्हणेल. मग 'कालवा वाचवायला' या दोघांनी उतरायचं. शेवटच्या दिवशी हे फ्रेंचमध्ये टंकलिखित करून तिन्ही बाजूंनी सह्या झाल्या; ब्रिटनतर्फे पॅट्रिक डीन या अधिकाऱ्याने सही केली.

हे लेखी झालंय कळल्यावर ईडन हादरले. डीन आणि त्यांच्या सहकाऱ्याला दुसऱ्याच दिवशी परत पॅरिसला धाडलं: सगळ्या प्रती गोळा करा आणि नष्ट करा. फ्रेंचांनी नकार दिला. इस्रायलची प्रत तर बेन-गुरियन यांच्याबरोबर कधीच निघून गेली होती. ब्रिटनने आपल्यापुरती प्रत जाळली. डिसेंबरमध्ये ईडन यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की इस्रायल हल्ला करणार हे आपल्याला आधी माहीत नव्हतं. इस्रायलकडची प्रत चाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये, लोकांसमोर आली. कागद जाळून कट लपत नाही हे अनुभवी मुत्सद्द्याला कळू नये याचं नवल वाटतं. पण मुळात हा कट दोस्त अमेरिकेपासून लपवायचा होता, ही त्यातली जास्त बोलकी गोष्ट.

२९ ऑक्टोबरला इस्रायलचे छत्रीधारी सैनिक सिनाईत मितला खिंडीजवळ उतरले. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे खलिता गेला: दोघांनी कालव्यापासून दहा मैल मागे व्हावं, मुदत बारा तास. गंमत अशी की इस्रायलची फौज अजून दहा मैलांच्या जवळपासही पोचली नव्हती. म्हणजे ज्याच्यावर हल्ला झाला त्याने आपल्याच भूमीत माघार घ्यायची, आणि हल्लेखोराला उलट आणखी पुढे यायची मुभा. नकाशा समोर ठेवणाऱ्या कुणालाही बनाव कळत होता. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेने मांडलेला ठराव ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरून पाडला. ३१ ऑक्टोबरला इजिप्तच्या विमानतळांवर बॉम्ब पडू लागले. नासरनी लगोलग सिमेंट आणि भंगार भरलेली जहाजं कालव्यात बुडवायला सुरुवात केली. कालवा खुला ठेवायच्या नावाने केलेल्या युद्धाचा पहिला परिणाम कालवा बंद होणं हा होता. सीरियात इराकी तेलवाहिनीची पंपकेंद्रं उडवली गेली. सौदी अरेबियाने ब्रिटन-फ्रान्सला तेल बंद केलं. पश्चिम युरोपचं बहुतेक तेल ज्या दोन वाटांनी यायचं त्या दोन्ही आठवडाभरात बंद.

२ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ६४ विरुद्ध ५ मतांनी युद्धबंदीचा ठराव केला. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या बाजूला फक्त ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड उभे राहिले. राष्ट्रकुलातला कॅनडासुद्धा तटस्थ राहिला. ५ नोव्हेंबरला पोर्ट सैदला छत्रीधारी उतरले, ६ ला समुद्रातून फौज. शहरात शेकडो नागरिक मेले. फौज कालव्याच्या काठाने दक्षिणेला साधारण ३७ किलोमीटर, अल काप या ठिकाणापर्यंत गेली. आणि ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री थांबली. सेनापतींच्या मते सगळा कालवा हाती यायला आणखी एक-दोन दिवस पुरे होते.

आता तिजोरीकडे वळू.

१९५६ मध्ये पौंडाचा भाव ठरलेला होता: एक पौंड म्हणजे २ डॉलर ८० सेंट. हा भाव टिकवायची जबाबदारी ब्रिटनची. बाजारात कुणी पौंड विकायला आला आणि घेणारा नसला, की बँक ऑफ इंग्लंड आपल्या गंगाजळीतले डॉलर देऊन ते पौंड उचलायची. हे फक्त ब्रिटनपुरतं नव्हतं. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, मलाया, आखाती तेलसंस्थानं असे कितीतरी देश आपली परकीय चलनाची शिल्लक लंडनमध्ये पौंडांत ठेवत. आपला रुपयाही पौंडाला बांधलेला होता, एक शिलिंग सहा पेन्स. १९४९ मध्ये पौंड पडला तेव्हा तो सोबत पडला होता. या सगळ्यांचे मिळून लंडनवर जे दावे होते ते तिजोरीतल्या सोन्या-डॉलरांच्या कितीतरी पट. त्यातला मोठा भाग महायुद्धातल्या उधारीचा. एखादी पतपेढी जशी सगळे ठेवीदार एकाच दिवशी येणार नाहीत या भरवशावर चालते, तशी ही व्यवस्था होती. जगाला हे साम्राज्याचं वैभव वाटे; खरं तर ते एक मोठं देणं होतं.

म्हणून ब्रिटिश अर्थखात्याने मनात एक खालची रेघ आखली होती: दोनशे कोटी डॉलर. गंगाजळी त्याच्या खाली गेली की पौंड पडणार असा समज बाजारात पसरेल, आणि समज पसरला की तो खरा ठरतो. सप्टेंबरअखेर शिल्लक होती २३२.८ कोटी डॉलर. ऑक्टोबरअखेर २२४.४ कोटी. बॉम्ब पडू लागल्यावर गळती वाढली. यासाठी कुणी कट करावा लागत नाही. पौंडांत रक्कम यायची असलेला अमेरिकी व्यापारी ती आजच डॉलरमध्ये बदलून घेतो. पौंडांत बिल भरायचं असलेला चार दिवस थांबतो, कदाचित उद्या स्वस्त पडेल. प्रत्येकाचं वागणं शहाणपणाचंच, आणि सगळ्यांचं मिळून तिजोरी रिकामी होते. नोव्हेंबरअखेर शिल्लक उरली १९६.५ कोटी. एका महिन्यात जवळजवळ २८ कोटी डॉलर गेले आणि रेघ ओलांडली गेली.

अशा वेळी जायचं कुठे, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे. तिथे ब्रिटनचा हक्काचा वाटा होता. पण निधीत अमेरिकेच्या मताशिवाय एवढी मोठी रक्कम हलत नव्हती, आणि अमेरिकेचे अर्थमंत्री जॉर्ज हम्फ्री यांचा निरोप साफ होता: आधी युद्धबंदी, आधी माघार, मग पैसे. तेलाचंही तेच. कालवा आणि तेलवाहिनी बंद पडल्यावर अटलांटिकपलीकडून तेल आणायची योजना अमेरिकेने तयार ठेवली होती, ती कुलपात ठेवली. शिवाय ते तेल डॉलर मोजून घ्यावं लागणार, म्हणजे तिजोरीवर आणखी ताण. आयसेनहॉवर यांचा संताप समजण्यासारखा होता. ६ नोव्हेंबरला त्यांची अध्यक्षपदाची निवडणूक, आठवडाभर आधी दोस्तांनी अंधारात ठेवून युद्ध काढलेलं, आणि ४ तारखेला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसलेले. हंगेरीवरून मॉस्कोला जाब विचारायचा तर सुएझवर गप्प बसून कसं चालेल? (हाच प्रश्न उलट बाजूने नेहरूंना विचारला गेला: सुएझवर ताबडतोब कडाडलेले नेहरू हंगेरीवर सुरुवातीला मवाळ का? टीका रास्त होती.)

६ नोव्हेंबरच्या सकाळच्या बैठकीत ब्रिटनचे अर्थमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी सांगितलं की आठवड्याभरात दहा कोटी पौंड गेले. प्रत्यक्षात गेले होते साधारण तीन कोटी. आकडा चुकून फुगला की फुगवला यावर आजही वाद आहे. पण उन्हाळ्यात युद्धासाठी सगळ्यात उतावीळ असलेला हाच माणूस आता थांबा म्हणत होता. विरोधी पक्षाच्या हॅरोल्ड विल्सन यांनी नंतर टोमणा मारला: सुएझमध्ये शिरणारा पहिला, बाहेर पडणाराही पहिला. त्या दिवशी ईडन यांनी मोले यांना फोन करून युद्धबंदी कळवली. मोले आणखी थोडं पुढे जाऊ पाहत होते. त्यांना ते परवडत होतं, कारण फ्रान्सने ऑक्टोबरमध्येच, युद्धाच्या आधी, नाणेनिधीकडून २६ कोटी डॉलरची सोय करून ठेवली होती. ब्रिटनने ते केलं नव्हतं. लष्करी योजनेची कित्येक वेळा उजळणी झाली, पैशाची झाली नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी हयगय हीच.

सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी ५ तारखेच्या रात्री क्षेपणास्त्रांची भाषा करणारं पत्र लंडन आणि पॅरिसला पाठवलं होतं. त्यानेच युद्ध थांबलं, असं अरब जगात पुष्कळजण मानत. त्या पत्राने घबराट पसरली हे खरं, पण युद्धबंदीनंतर काय झालं ते पाहिलं की वजन कुठे होतं ते कळतं. युद्ध थांबल्यावर मॉस्कोची धमकी संपली, अमेरिकेचा फास मात्र सुटला नाही. ब्रिटनला वाटत होतं की पोर्ट सैदला फौज ठेवून घासाघीस करता येईल. हम्फ्रींनी पैसे सोडले नाहीत. आणि दर महिन्याच्या सुरुवातीला गंगाजळीचा आकडा जाहीर करण्याचा रिवाज होता. नोव्हेंबरचा वाईट आकडा ४ डिसेंबरला बाहेर येणार होता. ३ डिसेंबरला लॉईड यांनी संसदेत पूर्ण माघार जाहीर केली. ४ ला मॅकमिलन यांनी आकडा सांगितला. १० ला नाणेनिधीने ब्रिटनला ५६ कोटी डॉलर रोख आणि आणखी सुमारे ७४ कोटींची हमी दिली. २२ डिसेंबरला शेवटचा ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिक पोर्ट सैदहून निघाला. दोनच दिवसांनी लोकांनी बंदराच्या तोंडाशी उभा असलेला द लेसेप्सचा पुतळा सुरुंगाने उडवला. ब्रिटनमध्ये तोवर पेट्रोलला रेशन लागू झालं होतं. ईडन प्रकृतीच्या कारणाने जमैकाला जाऊन आले आणि ९ जानेवारी १९५७ ला पायउतार झाले. त्यांच्या जागी बसले मॅकमिलन.

नासर रणांगणावर हरले होते, सिनाई गमावून बसले होते, तरी राजकारणात जिंकले. इस्रायलने मार्चमध्ये सिनाई सोडलं. मध्ये उभी राहिली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांची ती कल्पना, आणि तिच्यात भारताची पायदळ पलटणही गेली. बुडवलेली जहाजं काढून एप्रिल १९५७ मध्ये कालवा खुला झाला. भागधारकांचे पैसे इजिप्तने १९५८ च्या करारानुसार हप्त्याहप्त्याने फेडले. या विजयाची दुसरी बाजूही सांगायला हवी: इजिप्तमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या हजारो ज्यू, ब्रिटिश आणि फ्रेंच लोकांना घरदार, धंदे सोडून देशाबाहेर जावं लागलं. त्यांतल्या बहुतेकांचा सेव्हरच्या बंगल्याशी काडीचा संबंध नव्हता.

सुएझमुळे साम्राज्य बुडालं, असं लिहिलेलं बऱ्याचदा वाचायला मिळतं. ते तितकंसं बरोबर नाही. भारत १९४७ मध्येच गेला होता, गोल्ड कोस्टचं स्वातंत्र्य सुएझच्या आधीच ठरलं होतं आणि मार्च १९५७ मध्ये ते घाना या नावाने झालंही. पौंडावरचं ओझं महायुद्धापासूनचं. सुएझने नवं काही घडवलं नाही, आधीच पोकळ झालेलं काय आहे ते सगळ्यांना एकदम दाखवलं. आणि ते पाहून वागणारे लोक बदलले. बगदादमध्ये जुलै १९५८ मध्ये लष्कराने बंड केलं. ब्रिटनवर भिस्त ठेवून राहिलेले राजा फैसल आणि नुरी अस-सैद दोघेही मारले गेले, आणि लंडन काही करू शकलं नाही.

एकाच धड्यातून दोघांनी उलटे निष्कर्ष काढले, हे मला सगळ्यात लक्षात राहण्याजोगं वाटतं. ब्रिटनने ठरवलं की यापुढे अमेरिकेला डावलून काही करायचं नाही. फ्रान्सने ठरवलं की अमेरिकेवर आणि ब्रिटनवर विसंबायचं नाही. ईडन यांचा फोन आला तेव्हा पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉवर मोले यांच्याकडे पॅरिसमध्येच होते. पाच महिन्यांत युरोपीय आर्थिक समुदायाच्या करारावर रोममध्ये सह्या झाल्या. फ्रान्सने १९६० मध्ये सहारात स्वतःचा अणुबॉम्ब फोडला. तरी अल्जीरिया १९६२ मध्ये गेलाच.

ब्रिटनने एक गोष्ट मात्र सोडली नाही: २ डॉलर ८० सेंटचा पौंड, आणि सुएझच्या पूर्वेला एडन, आखात, सिंगापूर इथले तळ. दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून निघत होता. अकरा वर्षं ती ओढाताण चालली. मॅकमिलनला टोमणा मारणारे विल्सन आता पंतप्रधान होते, आणि १८ नोव्हेंबर १९६७ ला त्यांच्याच सरकारला पौंड २ डॉलर ४० सेंटवर आणावा लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस एडनमधून ब्रिटिश बाहेर पडले. जानेवारी १९६८ मध्ये विल्सन यांनी संसदेत खर्चकपातीची यादी वाचून दाखवली. सुएझच्या पूर्वेकडचे तळ १९७१ पर्यंत बंद, ही त्यातली एक बाब होती.